रुलेटमध्ये दुप्पट लावत गेलं तर?

प्रश्न: लाल रंगावर हरलो की दर वेळी दुप्पट लावायचे. कधीतरी लाल येणारच ना, मग तोटा कसा होईल?

लाल येईलच, पण तोवर खिसा टिकेल का? एकाच शून्याच्या चक्रात 37 घरं असतात, त्यांतली लाल 18. म्हणून 100 रुपयांच्या डावात सरासरी 2.70 रुपये जातात.

100 पासून दुप्पट करत सात डाव लावायला 12,700 रुपये लागतात. सातही डाव हरण्याची शक्यता साधारण 106 मध्ये एक. म्हणजे 105 वेळा शंभर-शंभर मिळून 10,500 येतात आणि एका फटक्यात 12,700 जातात. खिसा मोठा असला, तर हा फटका उशिरा बसतो आणि मोठा बसतो, एवढंच. शिवाय टेबलावर कमाल मर्यादा असतेच. प्रत्येक डावाची सरासरी उणे असताना रकमा कशाही रचा, बेरीज उणेच येणार.