मनाई हुकमात माझं नावच नाही, मग मला तो लागू होतो का?

प्रश्न: चुलत्यांनी वाटपाचा दावा लावलाय. वडील प्रतिवादी क्र. 2, मी दाव्यात नाही. नि. 5 च्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर एकतर्फी आदेश झालाय: "प्रतिवादी क्र. 1 ते 3 यांनी स्वतः अथवा त्यांचे नोकर, हस्तक अगर त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या इसमांनी दावा मिळकतीत त्रयस्थ हितसंबंध निर्माण करू नयेत व मिळकतीचे स्वरूप बदलू नये. सदर आदेश पुढील तारखेपर्यंत." माझ्या घराचा जोता झालाय, स्लॅब बाकी आहे. मी काम चालू ठेवू शकतो का? वडिलांनी जमीन माझ्या नावे केली तर?

उत्तर:

दिवाणी वकिली करताना असे आदेश रोज हातात येतात, त्यामुळे आधी स्पष्ट सांगतो: स्लॅब टाकू नका आणि बक्षीसपत्राचा विचार आजच सोडा.

तुमचा सगळा भरवसा "मी दाव्यात नाही" यावर आहे. मनाई हुकूम माणसांवर असतो, हे खरं. रस्त्याने जाणाऱ्या तिऱ्हाइताला तो बांधत नाही. पण तुम्ही बांधताय ते कोणाच्या हक्काने? जमिनीवर वडिलांचा हक्क आहे आणि त्यांच्या परवानगीने तुम्ही जोता बांधलात. म्हणजे "त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे इसम" या शब्दांत तुम्ही बसता. ते शब्द नुसती कोर्टाची भाषा म्हणून लोक वाचताना गाळतात आणि नेमके तिथेच अडकतात. उद्या तुम्ही "मला कोणी मना केलं नव्हतं" म्हणालात, तर न्यायाधीश वडिलांना विचारतील की तुमच्या जमिनीवर मुलगा स्लॅब टाकत होता, तुम्ही काय केलंत? शिवाय आदेश माहीत असून तो मोडायला मदत करणारा माणूस पक्षकार नसला तरी न्यायालयाच्या अवमानाच्या कारवाईत ओढला जाऊ शकतो. समन्स अजून लागलं नाही ही सबबही चालत नाही. आदेश माहीत होता का, एवढंच पाहिलं जातं, आणि तुम्ही तर तो शब्दशः उतरवून दिलाय.

आता काय करायचं नाही ते. आदेशात दोन गोष्टी आहेत. "त्रयस्थ हितसंबंध" म्हणजे फक्त विक्री नव्हे. गहाण, भाडेपट्टा, साठेखत, बक्षीसपत्र, सगळं त्यात येतं. तुमच्या नावे बक्षीसपत्र करणं म्हणजे आदेश मोडल्याचा नोंदणीकृत पुरावा स्वतःच तयार करणं. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला म्हणून तो निर्दोष होत नाही. त्यांच्याकडे कदाचित मनाईची नोंदही नसेल. असा दस्त त्या दाव्यात तुमच्या उपयोगी पडणं जवळजवळ अशक्य.

"स्वरूप बदलू नये" हा भाग जास्त नाजूक आहे. जोत्यावर स्लॅब चढवणं म्हणजे स्वरूप बदलणं, यात वाद नाही. नेहमीची पेरणी-कापणी त्यात येत नाही, कारण शेत शेतच राहतं. मधल्या गोष्टींचं मात्र, म्हणजे विहिरीची दुरुस्ती किंवा जोत्याला पावसापासून आडोसा, स्वतःच ठरवू नका. वडिलांतर्फे अर्ज देऊन कोर्टाकडून खुलासा किंवा परवानगी घ्या. (आदेशात "वादीच्या कब्जात हरकत करू नये" असं असतं तर गणित वेगळं झालं असतं. मग शेतात पाऊल टाकणंही धोक्याचं असतं. तुमच्याकडे तसं नाही, हे दिलासादायक.)

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती निर्णायक ठरू शकते: "दावा मिळकत" नेमकी कोणती? आदेशात बहुधा फक्त तेवढेच शब्द असतील. वर्णन दाव्याच्या पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात सापडेल. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा तिथून काढा. समजा गट 1 हेक्टर 20 आरचा आहे आणि दावा त्यातल्या उत्तरेकडच्या 40 आरपुरता आहे. तुमचा जोता दक्षिणेला असेल तर मनाई त्याला लागूच नाही. पण 40 आर नेमके कुठे संपतात ते जागेवर कोणी सांगू शकत नसेल, तर सरकारी मोजणी होईपर्यंत हात लावू नका. बांधावरून अंदाज घेऊन बांधणारे मी पाहिलेत, आणि नंतर कोर्ट कमिशनरची मोजणी वेगळी निघालेलीही पाहिलीय.

मुदतीबद्दल. "पुढील तारखेपर्यंत" म्हणजे त्या तारखेला आदेश वाढवला नाही तर तो तिथेच संपतो. "पुढील आदेशापर्यंत" असं असतं तर उठवेपर्यंत चालू राहिला असता. म्हणून प्रत्येक तारखेचा रोजनामा वाचा. न्यायाधीश रजेवर असले तरी रोजनाम्यात "अंतरिम आदेश पुढे चालू" असं येऊ शकतं. ईकोर्ट्सवर नुसती पुढची तारीख पाहून "वाढवला नाही" असा अर्थ काढू नका, नक्कल काढा.

या बाबतीत दोन गैरसमज सर्रास आढळतात. एक, 30 दिवसांत अर्जाचा निकाल लागला नाही तर एकतर्फी मनाई आपोआप उठते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 3अ मध्ये 30 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, नाही जमलं तर कारणं नोंदवावीत, असं आहे. आपोआप उठण्याचं त्यात काही नाही. दुसरा, सहा महिन्यांनी स्थगिती संपते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये खटल्यांवरच्या स्थगितीबद्दल तसं म्हटलं होतं, पण फेब्रुवारी 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केलं.

मोडलं तर? आदेश 39 च्याच नियम 2अ खाली वादी अर्ज करतात. मिळकत जप्त होऊ शकते. ती जप्ती एक वर्षापर्यंत राहते आणि तरीही अवज्ञा चालू राहिली तर मिळकत विकता येते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवास. तो प्रत्यक्षात क्वचित होतो, हे मान्य. खरा फटका दुसरीकडे बसतो: कोर्ट बांधलेलं पाडून जागा पूर्ववत करायला सांगू शकतं. आणि मुंबई उच्च न्यायालयाने आदेश 39 ला जोडलेल्या नियम 11 प्रमाणे प्रतिवादीचा बचावच काढून टाकता येतो. वाटपाच्या दाव्यात वडिलांचं म्हणणंच रेकॉर्डवरून गेलं, तर स्लॅबचं काय करणार?

आदेश चुकीचा वाटत असेल तर तो मोडून नाही, कोर्टातून उठवून घ्यायचा असतो. वडिलांनी नि. 5 ला म्हणणं द्यावं आणि नियम 4 खाली मनाई उठवण्याचा किंवा बदलण्याचा अर्ज करावा. त्यात जोता दाव्याआधीचा आहे हे फोटो, सिमेंट-खडीची बिलं आणि ग्रामपंचायतीची परवानगी जोडून दाखवा. एकतर्फी आदेशानंतर वादीने अर्ज, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती लगेच पोस्टाने पाठवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. ते फाईलमध्ये आहे का, हेही वकिलांना बघायला सांगा. नसेल तर मनाई उठवायला तो चांगला मुद्दा आहे. फक्त त्या जोरावर आधीच काम सुरू करू नका.

मिस्त्रीला आज फोन करून काम थांबवा आणि जोता जसा आहे तसा तारखेसह फोटोत घेऊन ठेवा. आदेश कळल्यानंतर एक वीटही चढली नाही, हे पुढे तुम्हालाच दाखवावं लागेल.