पुण्याचे चौघडिये: आधी सूर्योदय, मग भागाकार

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे: सकाळी ६ पासून दीड-दीड तासाचा छापील तक्ता तसाच वापरतो. चौघडिया म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचा आठवा भाग, त्यामुळे तो ऋतूप्रमाणे बदलतो.

डिसेंबरअखेरचा गुरुवार घ्या. पुण्यात सूर्योदय साधारण ७:०४, सूर्यास्त ६:०४. दिवस ६६० मिनिटांचा, म्हणजे एक चौघडिया साडेब्याऐंशी मिनिटांचा. गुरुवारी पहिला शुभ. मग रोग, उद्वेग, चर, लाभ, अमृत, काळ आणि शेवटी पुन्हा शुभ. चार भाग मोजले की १२:३४ ला लाभ लागतो, तो १:५६ पर्यंत. तक्ता मात्र लाभ १२ लाच सुरू करतो. म्हणजे सव्वाबाराला दुकानाची चोपडी उघडलीत तर ती चरात!

दोन गोष्टी सांभाळा:
- सूर्योदय पुण्याचाच घ्या. मुंबईचा तीन-चार मिनिटं उशिरा असतो.
- आठवा भाग बरोबर सूर्यास्ताला संपला पाहिजे, आणि त्याचं नाव पहिल्याचंच यायला हवं. नाही आलं तर क्रम चुकलाय.

रात्रीचे चौघडिये तूर्त बाजूला ठेवा, त्यांचा क्रम वेगळा असतो.