राखाडी मॉडेलवरून रेंडर: प्रॉम्प्ट, इमेज-टू-इमेज की कंट्रोल मॅप?

प्रश्न: माझ्याकडे तीन मजली घराचं साधं राखाडी थ्रीडी मॉडेल आहे. क्लायंटला संध्याकाळच्या उजेडात विटांचा आणि प्लास्टरचा, असे दोन पर्याय दाखवायचेत. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआयमध्ये नुसता प्रॉम्प्ट, इमेज-टू-इमेज की कंट्रोलनेट, काय वापरू?

उत्तर:

तुमच्या कामाला कंट्रोलनेट, म्हणजे घराचा आकार सांगणारा कंट्रोल मॅप. कारण तुम्हाला आकार जसाच्या तसा हवाय आणि रंग, पोत, उजेड मात्र सगळा नवा हवाय. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येतात का, हाच इथे खरा प्रश्न आहे.

नुसता प्रॉम्प्ट लगेच बाजूला ठेवू. ‘समोर सात खिडक्या’ लिहिलं तर सहा येतात, कधी नऊ येतात. कॅमेरा कुठे उभा आहे तेही शब्दांनी धरून ठेवता येत नाही. शिवाय सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवून फक्त ‘वीट’च्या जागी ‘प्लास्टर’ लिहिलं तरी घर थोडंफार बदलतंच, मग क्लायंट तुलना कशाची करणार? मॉडेल बनायच्या आधी, वातावरण कसं असावं हे चाचपताना मात्र हीच पद्धत सगळ्यात पटकन होते.

इमेज-टू-इमेजमध्ये बहुतेक जण अडकतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. तिथे तुमच्या चित्रावर नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपके, टाकला जातो आणि मग तो टप्प्याटप्प्याने काढला जातो. किती टाकायचा ते `Denoising strength` ठरवतं. 30 स्टेप्स आणि 0.4 दिलं तर साधारण शेवटच्या 12 स्टेप्सच चालतात. आता गंमत अशी की सुरुवातीच्या, जास्त नॉइजच्या स्टेप्समध्ये मोठे आकार, उजेड-अंधाराची वाटणी आणि एकूण रंग हे सगळं एकत्रच ठरतं, शेवटच्या स्टेप्समध्ये फक्त पोत भरला जातो. म्हणून 0.4 ला तुमचं घर हलणार नाही, पण राखाडीपणाही जाणार नाही. भिंतीवर विटांची फिकट नक्षी उमटेल आणि आकाश भरदुपारचंच राहील. 0.75 ला लाल वीट येईल, संध्याकाळ येईल, पण बाल्कनी सरकलेली असेल आणि एखादी खिडकी भिंतीत विरघळलेली. आकार आणि रंग एकाच बटणाला बांधलेले आहेत, त्यामुळे तुमच्या कामाला चालेल असा आकडा मध्ये कुठे सापडत नाही.

यावर एक तोडगा आहे. मॉडेलमध्येच भिंतीला विटकरी, आकाशाला गडद निळा आणि खिडक्यांना पिवळा असा सपाट रंग देऊन तो व्ह्यू घ्या, मग 0.45 च्या आसपास बरंच जमतं. हाताशी बऱ्यापैकी रेंडर तयार असेल आणि फक्त गवत, झाडं, लाकूड जिवंत करायचं असेल, तर 0.2 ते 0.35 वर इमेज-टू-इमेजइतकं सरळ दुसरं काही नाही.

कंट्रोलनेट ही 2023 मध्ये मांडली गेलेली पद्धत. यात चित्राची सुरुवात कोऱ्या नॉइजपासून होते आणि तुमचा मॅप एका जोडनेटवर्कमधून स्टेपगणिक आकार सुचवत राहतो. मॅपमध्ये मटेरियलचा रंग नसतोच, त्यामुळे राखाडीपणा उतरण्याचा प्रश्न येत नाही. आकार मॅप सांगतो, रंग प्रॉम्प्ट सांगतो.

मॅप कोणता घ्यायचा? डेप्थ मॅप इमारतीचे मागे-पुढे असलेले भाग आणि बाल्कनीचा बाहेर आलेला स्लॅब नीट धरतो, पण काचेवरच्या बारीक पट्ट्या आणि काच जवळजवळ एकाच अंतरावर असल्याने त्या त्याला दिसतच नाहीत. रेषांचा मॅप त्या पट्ट्या पकडतो. दोन्ही एकत्र लावा: डेप्थचं `Control Weight` 0.5 च्या आसपास, रेषांचं 0.8. आणि हे मॅप स्क्रीनशॉटवरून काढून घेऊ नका, थेट मॉडेलमधून एक्स्पोर्ट करा. स्क्रीनशॉटवर कॅनी हे कडा शोधणारं साधन चालवलं की सावलीची कडसुद्धा रेषा ठरते आणि रेंडरमध्ये तिथे भिंतीला विनाकारण पट्टा किंवा खाच येते. सावल्या बंद करून, लपलेल्या रेषा काढून टाकलेला व्ह्यू घ्या आणि चित्रातून मॅप काढणारा प्रीप्रोसेसर `none` ठेवा.

इथे दोन गोष्टी तपासा. कॅनीला काळ्यावर पांढऱ्या रेषा लागतात, तुमचा एक्स्पोर्ट बहुधा उलटा असेल. डेप्थमध्ये जवळचं पांढरं, लांबचं काळं हवं. ब्लेंडरचा `Z` किंवा `Depth` पास मात्र कॅमेऱ्यापासूनचं नुसतं अंतर देतो, म्हणून तो 0 ते 1 मध्ये बसवून उलटावा लागतो. आकाश भिंतीसारखं पुढे येऊ लागलं किंवा घर खड्ड्यात गेल्यासारखं दिसलं, तर मॅप उलटा आहे हे समजा. `Ending Control Step` 0.75 ला सोडा. शेवटपर्यंत धरून ठेवलं तर कडा पेनाने ओढल्यासारख्या दिसतात. अंगणात झाड हवं असेल तर मॉडेलमध्ये ओबडधोबड का होईना, पण झाड ठेवा. डेप्थ मॅप ‘इथे मोकळी जमीन आहे’ म्हणत असताना प्रॉम्प्टमधलं झाड सहसा उगवत नाही.

आता मर्यादा. समजा चित्र 1024 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात घराच्या दर्शनी भागाची 15 मीटर रुंदी मावते. म्हणजे एक पिक्सेल जवळपास 15 मिमी. स्टेबल डिफ्यूजनच्या एसडी 1.5 आणि एसडीएक्सएल या मॉडेलांत चित्र आतल्या आत 8 पटींनी लहान होतं, म्हणजे तिथली एक चौकट साधारण 117 मिमीची. खिडकीची 50 मिमी पट्टी या चौकटीच्या निम्मीही भरत नाही, मग ती मध्येच जाड-बारीक होते किंवा तुटते. विटांचंही तेच. सांध्यासह थराची उंची 75 मिमी धरली तर 3 मीटर मजल्यात 40 थर यायला हवेत. चित्रात मोजा, बऱ्याचदा त्याहून खूपच कमी भरतात. विटा मोठ्या झाल्या की घर खेळण्यातलं वाटू लागतं, आणि पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. म्हणून तोच रेषांचा मॅप लावून चित्र दुप्पट मोठं करा, तेही तुकड्यांमध्ये. तरीही थर जुळले नाहीत, तर विटांचा पोत मॉडेलमधूनच रेंडर करून भिंतीवर बसवा.

प्रत्येक चित्रावर मूळ रेषांचा व्ह्यू, पांढऱ्यावर काळ्या रेषांचा, मल्टिप्लाय लेयरने टाकून बघा. खिडक्यांची संख्या आणि स्लॅबची पातळी तिथेच कळते. फक्त दरवाजा बिघडला असेल तर सगळं पुन्हा चालवू नका. तेवढ्यावर मास्क लावून इनपेंट करा, रेषांचा मॅप चालू ठेवूनच.

सावलीबद्दल मात्र तिन्ही पद्धतींवर भरवसा ठेवू नका. बाल्कनीखालची सावली इथे हिशोबाने पडत नाही, शोभेल तशी काढली जाते. क्लायंटने ‘गॅलरीत चार वाजता ऊन येईल का’ विचारलं, तर ते चित्र दाखवू नका. मॉडेलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ घालून सूर्य लावा आणि तो व्ह्यू दाखवा.