दुकानाचा फोटो काढून नवी पाटी आणि शेड कशी दिसेल ते आधी बघता येईल का?

"भांडी बाजारात आमचं दुकान आहे. मोबाइलच्या फोटोवर नवी पाटी, शेड बसवून बघायचीय, पण शेजारची दुकानं, गल्ली तशीच दिसायला हवी."

येईल, पण फोटोआधी टेप घ्या आणि शटरची रुंदी मोजा. समजा ती ८ फूट आहे आणि फोटोत शटर ८०० पिक्सेल दिसतं. म्हणजे १०० पिक्सेल म्हणजे १ फूट. अडीच फुटी पाटी २५० पिक्सेलचीच काढायची. हे माप सोडलं की चित्रातली पाटी छान दिसते आणि प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या पाटीवर चढते.

फोटो समोरच्या ओट्यावरून, सकाळी गाड्या लागायच्या आत, वाइड लेन्स न वापरता काढा. दोन्हीकडची अर्धी दुकानं, विजेच्या तारा, मीटरची पेटी फ्रेममध्ये येऊ द्या. त्या पुसू नका, पाटी त्यांच्यातच लागणार आहे.

शेडचा खरा घोळ समोरून कळत नाही. म्हणून दुसरा फोटो गल्लीतून चालत येणाऱ्याच्या नजरेतून, तिरका काढा. पाटीच्या वर ३ फूट पुढे आलेली शेड दुपारी अक्षरांवर सावली टाकते. माझं मत, शेड पाटीच्या खाली, शटरच्या लगेच वर घ्या, आणि फोटोत तिची सावलीही रंगवा.