चवड्याखाली सोल किती जाड आहे?

प्रश्न : बाबा ट्रॅफिक हवालदार आहेत. उन्हात सात-आठ तास डांबरावर उभे असतात. तळपाय भाजतात, टाचही दुखते. जेलचे सुकतळे घालून पाहिले, फरक नाही. कोणते बूट घ्यावेत?

उत्तर : मीही बरीच वर्षं चौकात उभा राहिलोय आणि जेलची चूक मीसुद्धा केली होती. जेल मऊ असतं, पण उष्णता अडवत नाही. एकदा तापलं की गरम पाण्याच्या पिशवीसारखं पायाखाली बसून राहतं. उष्णता अडवते ती बंदिस्त हवा, म्हणजे बुचाचा, नमद्याचा किंवा फोमचा थर.

हवा चाळीस अंशांवर असते तेव्हा भर उन्हातलं डांबर साठ अंशांपर्यंत जातं. बाबांना नेमकं कुठे भाजतं ते विचारा. बहुतेक चवड्याखालीच सांगतील. युनिफॉर्मच्या बुटात टाचेखाली चांगला इंचभर थर असतो, चवड्याखाली मात्र जेमतेम बोटाच्या निम्म्याइतका. माझा जुना बूट चांभाराने मधोमध कापून दाखवला, तेव्हा हे डोळ्यांना दिसलं. चवड्यापाशी नुसतं रबर आणि पुठ्ठा!

म्हणून दुकानात बूट टाचेवरून पारखू नका. बाहेरचा तळ रबराचा आणि त्याच्यावर पीयू फोमचा थर चवड्यापर्यंत आलेला हवा. ईव्हीए फोम हलकं असतं, पण उष्णतेत आणि वजनाखाली ते काही महिन्यांत चेपतं. चेपलं की गादी जाते आणि उष्णता अडवणारी हवाही जाते. फोमच्या कडेवर आडव्या सुरकुत्या पडल्या की समजा, बूट संपला. पीयू जास्त टिकतं, पण वर्षानुवर्षं पडून राहिलेला जोड घेऊ नका, त्याचा भुगा होतो.

कामगारांच्या बुटांवर 'एचआय' अशी खूण असेल तर उत्तम. १५० अंशांच्या तापलेल्या वाळूवर अर्धा तास ठेवूनही आतलं तापमान २२ अंशांहून जास्त वाढलं नाही, तरच ती मिळते. 'एचआरओ' ही खूण वेगळी. तळ तापलेल्या पृष्ठभागाला टेकला तरी वितळत नाही, एवढंच ती सांगते. त्यावर भुलू नका. बोटांवर पोलादी टोपी असलेला बूट नको, उगाच वजन वाढतं. बिनटोपीच्या बुटांवरही एचआय मिळतं. फक्त रंग आणि घाट युनिफॉर्मच्या नियमात बसतो का, ते बाबांना विचारून घ्या.

गादी फार मऊ नको. चालताना छान वाटते, पण उभं राहिलं की पाय डगमगतो आणि पोटऱ्या भरून येतात. अंगठ्याने जोर लावल्यावर थोडी दबेल आणि लगेच वर येईल अशी हवी.

लगेच खर्च नको असेल तर जेल काढून तीन-चार मिलिमीटरचा बुचाचा सुकतळा घालून बघा. आत जागा पुरली पाहिजे, नाहीतर बोटं आवळतील. नवा बूट घ्यायचा तर ड्युटी संपल्यावर, पाय सुजलेले असताना, तोच सुकतळा आणि ड्युटीचे मोजे घालून मापाचा घ्या. टाचेचं दुखणं सकाळी उठल्यावर पहिल्या पावलालाच जास्त असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. ते नुसत्या बुटाने जाणार नाही.