आजीला देवाने नेलेलं नाही, हे तिला आधी सांगा

ताई, माझ्या सासूबाई दोन महिन्यांपूर्वी गेल्या. वर्षभर डायलिसिस चालू होतं. माझी साडेपाच वर्षांची मुलगी त्यांची फार लाडकी. ती रोज विचारते, स्वर्ग कुठे आहे, आजी तिथे काय करते? सासरे म्हणतात, 'आजी सगळ्यांना आवडायची, देवालाही आवडली, म्हणून त्याने बोलावून घेतलं' असं सांग. तेराव्याला आलेल्यांनीही तिला हेच सांगितलं. नवरा म्हणतो, स्वर्गबिर्ग काही नसतं, पोरीला खोटं शिकवू नकोस. मी श्रद्धाळू आहे, दोघांच्या मध्ये माझी ओढाताण होते. त्यात मुलगीही हल्ली हट्टी झाली आहे. शुभंकरोती म्हणत नाही, मुद्दाम दूध सांडते, शाळेतूनही तक्रारी येतात. जास्त लाड झाल्यामुळे असेल. मला एवढंच सांगा, स्वर्ग आहे म्हणू की नाही?
– एक आई, सांगली

स्वर्गाचं नंतर बघू. आधी त्या सांडलेल्या दुधाचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे आणि तीच तुम्ही 'लाड' म्हणून उडवून लावलीत.

साडेपाच वर्षांच्या मुलीच्या जागी बसून बघा. आजी चांगली होती. चांगली होती म्हणून देवाला आवडली. आवडली म्हणून त्याने तिला नेलं. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं, वर तेराव्याला आलेल्यांनीही तेच सांगितलं, म्हणजे खरंच असणार. मग आपण देवाला आवडायचं नसेल तर काय करायचं? शुभंकरोती म्हणायचं नाही. दूध सांडायचं. बाईंचं ऐकायचं नाही. ती हट्टी झालेली नाही हो, ती जीव वाचवते आहे!

हा माझा अंदाज आहे. खात्री तिच्याकडूनच करून घ्या. दिवसाउजेडी, खेळता खेळता विचारा, "आजी का गेली असं तुला वाटतं?" आणि मग गप्प बसा. शब्द तिच्या तोंडात घालू नका. कदाचित देवाचं नाव येईल, कदाचित भलतंच काही निघेल. 'मी आजीच्या हाताला धक्का मारला होता', 'मी तिच्याशी कट्टी केली होती' असली कारणं मनात धरून बसलेली मुलं पुष्कळ असतात. या वयात मनात आलेलं आणि प्रत्यक्ष घडलेलं यांच्यातली भिंत पातळच असते.

हंगेरीतल्या मुलांवर मारिया नागी यांनी केलेला एक अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाचाच्या आतली मुलं मरणाला झोप किंवा दूर जाणं समजत होती, म्हणजे त्यातून परत येता येतं असं धरून चालत होती. पाच ते नऊच्या मधली बरीच मुलं मात्र मरण म्हणजे माणसांना घेऊन जाणारा कुणीतरी, अशी कल्पना करत होती. नंतरच्या अभ्यासांत हा 'कुणीतरी' इतका सर्रास सापडला नाही. तुमच्या घरी मात्र तो मोठ्यांनीच आणून बसवला, आणि रोज संध्याकाळी तिने त्याच्यापुढे हात जोडावेत अशीही अपेक्षा आहे.

म्हणून याच आठवड्यात एक काम करा. सुट्टीच्या सकाळी, पोट भरलेलं असताना तिला जवळ घ्या. रात्री अंथरुणात हा विषय काढू नका, अंधारात एकटी तेच घोळवत बसेल. पाच मिनिटं पुरतात. सांगायचं ते असं:

"आपल्या पोटात दोन किडन्या असतात, त्या रक्त साफ करतात. आजीच्या किडन्या बिघडल्या. म्हणून तिला दवाखान्यातल्या मशीनवर नेत होतो. डॉक्टरांनी खूप औषधं दिली, पण तिचं शरीर बरं होऊ शकलं नाही. मग तिचं हृदय थांबलं, श्वास थांबला. याला मरणं म्हणतात. मेलेलं माणूस परत येत नाही. आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. देवाने तिला नेलं नाही. ती चांगली होती म्हणून मेली नाही. तू केलेल्या, बोललेल्या किंवा मनात आणलेल्या कशामुळेही मेली नाही. आणि तुला सर्दी-ताप येतो ना, तो असला आजार नाही, तो बरा होतो."

'मेली' हा शब्द तुम्हाला टोचेल. टोचू दे, पण वापरा. 'गेली' म्हटलं की ती कधी येणार हा प्रश्न उरतो, 'झोपली' म्हटलं की रात्री झोपायची भीती बसते. शेवटचं सर्दी-तापाचं वाक्यही गाळू नका. नुसतं 'आजारी होती म्हणून मेली' एवढंच ऐकलेलं मूल तुम्हाला खोकला आला तरी धास्तावतं.

अंत्यसंस्कारांबद्दल विचारलं तर तेही सांगा. शरीराला काही कळत नव्हतं, चटका लागत नव्हता, मग त्याला अग्नी दिला. 'कळत नव्हतं' हे आधी, अग्नी नंतर. क्रम उलटा झाला तर तिच्या डोक्यात जळणारी आजी राहील.

आता तुमचा स्वर्ग. तो सांगायला माझी काहीच हरकत नाही, पण हे सगळं सांगून झाल्यावर, आणि तुमचं मानणं म्हणून. "मला वाटतं, आजीमधलं जे प्रेम होतं ते आता देवाजवळ आहे. बाबांना तसं वाटत नाही. स्वर्ग कुणी बघितलेला नाही, म्हणून माणसं वेगवेगळं मानतात." नवऱ्याने एवढं चालवून घ्यावं. पत्ता मात्र देऊ नका. 'वर ढगात' म्हटलंत की विमानातून जाऊ म्हणेल, आणि 'आजी वरून बघते' म्हटलंत की न्हाणीघरातही चोरून वागेल. आजी तिथे काय करते याचं उत्तर 'मला माहीत नाही' असंच आहे. तुला काय वाटतं, असं उलट विचारा. ती म्हणाली लाडू करते, तर करू दे लाडू.

"तू पण मरशील?" हा प्रश्न येणारच. 'छे, कधीच नाही' म्हणू नका. "सगळेच कधीतरी मरतात. बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात, मीही तेवढी जगेन असं मला वाटतं. मला काही झालंच, तर बाबा आणि आजोबा तुझ्याजवळ आहेत." तिला या प्रश्नातून तेच जाणून घ्यायचं असतं, जेवायला कोण देणार आणि शाळेत कोण सोडणार.

ऐकून झाल्यावर ती बहुधा उठून खेळायला जाईल. मनावर घेतलं नाही असं समजू नका. दोन दिवसांनी तेच पुन्हा विचारेल, तेव्हा त्याच शब्दांत सांगा. सांगताना तुम्हाला रडू आलं तर आजीची आठवण आली म्हणून रडतेय, एवढं बोला. कितपत पोचलंय हे बघायचं तर तिलाच बाहुलीला समजावून सांगायला लावा. त्यात 'देवाने नेलं' पुन्हा आलं तर तेवढाच तुकडा परत सांगा.

शुभंकरोतीची सक्ती थोडे दिवस थांबवा, दूध मुकाट्याने पुसा. सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही, झोप-जेवण बिघडलं, शाळेत जायलाच ती नको म्हणू लागली किंवा 'मला आजीकडे जायचंय' असं वारंवार बोलू लागली, तर बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या समुपदेशकाचं नाव घ्या आणि वेळ न घालवता जा.

सासऱ्यांना आजच बाजूला घेऊन ही वाक्यं ऐकवा. त्यांची बायको गेली आहे हे मला कळतं, पण नातीसमोर ते वाक्य आता बंद. आणि पुढच्या महिन्यात कुणी काकू येऊन 'देवाला आवडली हो' म्हणाल्या, तर मुलीच्या देखतच सांगा, "नाही काकू, त्यांच्या किडन्या बंद पडल्या होत्या." काकूंना राग आला तर येऊ दे.