एसपीआय ०.९५ दिसला तरी निर्धास्त राहू नकोस

तुझ्या रिपोर्टमध्ये एसपीआय, म्हणजे ठरल्याच्या तुलनेत किती काम झालं हे सांगणारा आकडा, ०.९५ आहे, म्हणून काम जवळपास वेळेत आहे असं तू लिहिलंस. तिथेच थांब.

`SPI = EV / PV`, म्हणजे झालेल्या कामाची ठरलेली किंमत भागिले आजपर्यंत व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत. हा भागाकार रुपयांचा आहे, दिवसांचा नाही. समज, 8 महिन्यांचं, 100 लाखांचं इमारतीचं काम आहे. बेसलाइनप्रमाणे, म्हणजे मूळ प्लॅनप्रमाणे, सहाव्या महिन्याअखेर 85, सातव्याअखेर 95 आणि आठव्याअखेर 100 लाखांचं काम व्हायला हवं होतं. आज नववा महिना संपला आणि झालंय 95 लाखांचं. म्हणून 95/100. काम दहाव्या महिन्यात संपलं की हाच आकडा 1 होईल, दोन महिने उशीर होऊनही! शेवटाकडे तो नेहमीच असा फसवतो.

2003 मध्ये वॉल्ट लिपके यांनी मांडलेली अर्न्ड शेड्यूलची पद्धत वेगळं विचारते: 95 लाख प्लॅनप्रमाणे कधी व्हायला हवे होते? सातव्या महिन्याअखेर. म्हणजे अर्न्ड शेड्यूल किंवा ईएस 7, प्रत्यक्ष वेळ 9, भागाकार ०.७८. याच वेगाने एकूण 8 ÷ ०.७८, सुमारे सव्वादहा महिने लागतील. झालेलं काम दोन महिन्यांच्या मधे पडलं, तर तेवढ्या प्रमाणात अंश धर: 90 लाखांना 6.5.

आणि हो, हे दोन्ही आकडे क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की ताबाच लांबतो त्यांची साखळी, बघत नाहीत. कंपाउंडची भिंत रखडली तरी एसपीआय एकच्या खाली जातो, पण ताबा वेळेत देता येतो. उलट महागडं फिनिशिंग आधी उरकलं, तर लिफ्ट अडकलेली असूनही आकडा छान दिसतो. म्हणून आकडा कोणताही दिसला तरी आधी शेड्यूल उघडून नेमकी कोणती कामं मागे आहेत आणि त्यांना फ्लोट, म्हणजे शेवटची तारीख न हलवता लांबवता येणारा वेळ, किती उरलाय, ते बघ.